४.२० लाखाचं ऑफर लेटर, हातात नक्की किती येणार? पहिलीच नोकरी आहे, मदत हवीये

चाफेकळी
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय आणि दोन कंपन्यांच्या अकाउंट्स डिपार्टमेंटमधून ऑफर आल्यात, एक पुण्याची आणि एक नाशिकची. आम्ही सिन्नरला राहतो. पुण्याचा सीटीसी ४,२०,००० आहे म्हणून घरी सगळ्यांना महिना ३५ हजार असं सांगून झालंय, पण एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या की इन हँड साधारण २६-२७ येईल. मग मधले ८ हजार जातात कुठे? लेटरमधला महिन्याचा हिशोब जसाच्या तसा टाकते.

```
पुणे, महिना
बेसिक                     १४,०००
एचआरए                      ५,६००
स्पेशल अलाउन्स               ९,०४७
कंपनीचा पीएफ                १,६८०
ग्रॅच्युइटी                     ६७३
ग्रुप इन्शुरन्स                  ५००
व्हेरिएबल पे (वार्षिक)         ३,५००
एकूण                     ३५,०००
```

नाशिकची कंपनी लहान आहे, सीटीसी ३,९६,०००. बेसिक १६,५००, एचआरए ६,६००, स्पेशल अलाउन्स ७,३०६, कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ७९४, बास. इन्शुरन्स नाही आणि व्हेरिएबल पण नाही.

मला कळत नाहीये ते हे की कंपनी जो पीएफ भरणार तो माझ्या पगारात का दाखवलाय, आणि दोन्हीत खरं जास्त कुठे मिळणारे. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

सह्याद्रीचा_पोर
अभिनंदन ताई. सोप्पंय, पीएफ नको म्हणून सांगून टाक, तुझे १,६८० आणि कंपनीचे १,६८० दोन्ही हातात येतील. माझ्या मित्राने असंच केलं होतं जॉईन होताना. आणि बायकांना प्रोफेशनल टॅक्स नसतो त्यामुळे तो पण वाचला. घरभाड्याची पावती मात्र दे, एचआरए मुळे टॅक्स वाचतो.

पगारपत्रक
चाफेकळी, मी चाकण भोसरी पट्ट्यातल्या कंपन्यांचे पगार काढण्याचं काम बरीच वर्षं करतोय, तर नीट सांगतो. वरच्या भावाचं काही बरोबर आहे पण तुला लागू होत नाही, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी हे बघ की सीटीसी म्हणजे तुझा पगार नाही, तू कंपनीला वर्षाला किती रुपयांत पडतेस तो आकडा. म्हणून त्यात कंपनीने तुझ्या नावावर पीएफ ऑफिसात भरायचे पैसे, कधीतरी द्यावी लागली तर म्हणून धरलेली ग्रॅच्युइटी, इन्शुरन्सचा हप्ता असं सगळं घालतात. सीटीसी वरून खाली वाचत गेलीस तर गोंधळ होतो, उलटं कर. जे पैसे दर महिन्याला बँकेत येऊच शकत नाहीत ते आधी बाजूला काढ.

पुण्याचं बघ. कंपनीचा पीएफ १,६८०, ग्रॅच्युइटी ६७३, इन्शुरन्स ५०० आणि व्हेरिएबल ३,५००, हे चार काढले की राहतात २८,६४७. याला तुझ्या पे स्लिपवर ग्रॉस म्हणतील. आता यातून तुझा स्वतःचा पीएफ कापला जाणार, बेसिकच्या १२ टक्के म्हणजे परत १,६८०, आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात २६,७६७. मॅडम खरं बोलल्यात.

नाशिकला १,८०० आणि ७९४ बाजूला काढले की ग्रॉस ३०,४०६. तुझा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २८,४०६. म्हणजे सीटीसी २४ हजारांनी कमी असून महिन्याला हातात १,६३९ जास्त. बेसिक १६,५०० असताना पीएफ १,९८० का नाही असं विचारशील, तर कायद्याने पीएफची सक्ती १५,००० पर्यंतच्या पगारावरच आहे आणि त्याचे १२ टक्के १,८०० होतात, बऱ्याच कंपन्या तिथेच थांबतात.

फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पुरे करायला. त्या महिन्यात शंभर कमी आले तर घाबरू नकोस.

पगारपत्रक
आता सह्याद्रीचा_पोर चं. बायकांना प्रोफेशनल टॅक्स नाही हे महाराष्ट्रात महिना २५,००० पगारापर्यंतच, ही सूट २०२३ च्या एप्रिलपासून वाढलीये. हिचा ग्रॉस दोन्हीकडे २५ च्या वर आहे, त्यामुळे कापणार.

पीएफ नको म्हणता येतं हे खरं, पण कधी, तर पहिल्यांदाच नोकरीला लागतोयस, आधी कधीच पीएफ खातं नव्हतं आणि पीएफसाठी धरलेला पगार १५,००० च्या वर आहे तर. पुण्यात बेसिक १४,००० आहे आणि कंपनी त्याच्यावरच पीएफ धरते, म्हणजे तिथे सक्तीच. नाशिकला मात्र बेसिक १६,५०० असल्याने तिला नको म्हणता येईल, जॉईन होताना फॉर्म ११ भरून घेतात तेव्हाच. एकदा सभासद झालं की नंतर पगार वाढला म्हणून त्यातून निघता येत नाही.

आणि नको म्हटलं की कंपनीचे १,८०० आपोआप हातात येतात असं नाही. काही कंपन्या ते स्पेशल अलाउन्समध्ये टाकतात, काही टाकत नाहीत आणि सीटीसी तेवढा कमी होतो. आधी लेखी विचार. माझं विचारशील तर घेच पीएफ, तू १,८०० टाकलेस की कंपनी १,८०० टाकते आणि २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज दिलं होतं, बँकेच्या आरडीत कोणी आपल्या बरोबरीने पैसे घालत नाही.

सह्याद्रीचा_पोर
ओके, मित्राचा बेसिक २२ हजार होता, मग बरोबर. पण एचआरए चं तर खरंय ना?

पगारपत्रक
एचआरए ची सूट इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये आहे. नवीन रिजीममध्ये नाही, आणि आता तू काहीच निवडलं नाहीस तर नवीनच धरतात. पण हिच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही, वर्षाचा पगार व्हेरिएबल धरून सुद्धा ४ लाखाच्या आत आहे, इन्कम टॅक्स शून्यच, मग पावती दे नाहीतर नको देऊ. तिच्यासाठी एचआरए आणि स्पेशल अलाउन्स यात हातात येण्याच्या दृष्टीने काही फरक नाही.

शिक्षक_माणूस
मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. या ऑफरमध्ये महागाई भत्ता कुठेच दिसत नाही, हे चूक आहे. आमच्या पगारात मूळ वेतनानंतर महागाई भत्ता, मग घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता असा क्रम असतो आणि महागाई भत्ता वाढला की फरक सुद्धा मिळतो. २००५ नंतर लागलेल्यांना एनपीएस मध्ये आपले १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के. मुलीने कंपनीला महागाई भत्त्याबद्दल जाब विचारावा असं माझं मत आहे.

पगारपत्रक
सर, तुमचं सरकारी वेतनश्रेणीचं बरोबर आहे, पण खाजगी ऑफिसच्या नोकरीत महागाई भत्ता वेगळा देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. कारखान्यात युनियनचा करार असेल किंवा किमान वेतनावरचे कामगार असतील तिथे तो येतो. हिचा पगार वाढणार तो वर्षाच्या इन्क्रिमेंटने, त्यामुळे जाब विचारण्यासारखं काही नाही. पण एक प्रश्न तुमच्या बोलण्यावरून घ्यावा असा आहे, इन्क्रिमेंट कधी असतं आणि ते सीटीसीवर देतात की फिक्स्ड भागावर, हे तिने विचारावं.

चाफेकळी
दादा खूप खूप धन्यवाद, मी वहीत सगळं परत मांडून बघितलं आणि आकडे जुळले. सर तुम्हाला पण धन्यवाद. आता दोन शंका. एक, कंपनीचा पीएफ माझ्या सीटीसीतूनच जातोय म्हणजे एका अर्थी तो पण मीच भरतेय ना? दोन, ग्रॅच्युइटीचे ६७३ दर महिन्याला कुठे जमा होतात, ते कुठल्या पासबुकात दिसतात?

पगारपत्रक
पहिल्या शंकेत दम आहे. ऑफर ठरवताना कंपनी सगळं गृहीत धरूनच ३५ चा आकडा बनवते, त्यामुळे तसं वाटतं आणि ऑफरच्या कागदावर असं दाखवण्याला कोणी अडवत नाही. पण पीएफच्या स्कीममध्ये हे स्पष्ट आहे की कंपनीचा वाटा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. हे ओळखायचं कसं, तर पहिली पे स्लिप आली की उजवीकडचा डिडक्शनचा रकाना बघ. तिथे पीएफची एकच ओळ हवी, तुझी. तिथे एम्प्लॉयर पीएफ म्हणून दुसरी ओळ असेल आणि ग्रॉस ३०,३२७ असा फुगवलेला असेल तर कंपनी तुझ्या ग्रॉसमधून दोन्ही वाटे कापतेय, ते चालत नाही. लहान कंपन्यांमध्ये मी हे बघितलंय, कधी अज्ञानाने पण होतं, अकाउंटंटने सीटीसीचा तक्ता उचलून तसाच स्लिपमध्ये टाकलेला असतो.

दुसरं. ग्रॅच्युइटी कुठल्याही पासबुकात दिसत नाही, तुझ्या नावाने दर महिन्याला काही जमा होत नाही. तो कंपनीने धरलेला अंदाज आहे. हिशोब असा असतो की शेवटचा बेसिक भागिले २६ गुणिले १५ गुणिले नोकरीची वर्षं. १४,००० वर एका वर्षाचे ८,०७७ होतात, त्याला १२ ने भागलं की तुझे ६७३. पण ती मिळते सलग ५ वर्षं काढली तर. दोन वर्षांनी सोडलीस तर या दोन वर्षांचे सोळा हजार तुझ्या सीटीसीत दिसले होते पण मिळणार शून्य. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ५ वर्षांची अट नाही. पहिल्या नोकरीत ५ वर्षं थांबणारी पोरं मी फार कमी बघितलीत, म्हणून तुलना करताना मी ग्रॅच्युइटी सरळ शून्य धरतो.

रानवारा
५ नाही, ४ वर्षं २४० दिवस झाले तरी मिळते, आमच्याकडे एकाला मिळाली.

पगारपत्रक
मद्रास हायकोर्टाचा तसा निकाल आहे, काही कंपन्या त्यावर देतात, काही पूर्ण ५ शिवाय देत नाहीत आणि मग भांडत बसावं लागतं. त्याच्या भरवशावर राजीनाम्याची तारीख ठरवू नये एवढंच म्हणेन.

दुबईकर
विषय निघालाय म्हणून सांगतो, इकडे आम्हाला पीएफ वगैरे काही नाही, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते तीच काय ती. पहिल्या ५ वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक. मी आलो तेव्हा एकूण पगाराचा आकडा बघून सही केली होती, बेसिक त्यातला अर्धा सुद्धा नव्हता, आणि ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात. तर कुठेही असा, बेसिक किती ते आधी बघा. चाफेकळी, नाशिकचा बेसिक जास्त आहे म्हणून मी तर डोळे झाकून नाशिक घेतलं असतं.

अनुया
डोळे झाकून कशाला? पुण्यात व्हेरिएबल पूर्ण मिळाला तर वर्षाचे ४२,००० आहेत. तो धरला तर पुणं पुढे जातं. मी अशाच कंपनीत आहे आणि मला पहिल्या वर्षी बऱ्यापैकी मिळाला होता.

पगारपत्रक
अनुया बरोबर मुद्दा. हिशोब करूनच बघू. पुण्याचं वर्षाचं हातातलं व्हेरिएबल सोडून ३,२१,१०४, नाशिकचं ३,४०,७७२. नाशिक १९,६६८ ने पुढे. ४२,००० पैकी साधारण ४७ टक्के व्हेरिएबल मिळाला तर दोन्ही सारखे. पूर्ण मिळाला तर पुणं बावीस हजारांनी पुढे. म्हणजे प्रश्न हा आहे की निम्म्यापेक्षा जास्त मिळण्याची खात्री किती.

त्यासाठी लेटरमधला व्हेरिएबलचा परिच्छेद वाच. तो तुझ्या कामावर आहे का कंपनीच्या नफ्यावर, वर्षाच्या मधे लागलेल्याला प्रमाणात मिळतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाटप होईल त्या तारखेला नोकरीवर असायलाच हवं अशी अट आहे का. ही अट असते बऱ्याच ठिकाणी. मार्चला वर्ष संपतं, वाटप जुलैत होतं, पोरगा मे महिन्यात सोडतो आणि पूर्ण वर्षाचा व्हेरिएबल जातो, दरवर्षी अशी दोनचार माणसं माझ्यासमोर येऊन बसतात.

चाफेकळी
मी आत्ता वाचलं. "वाटपाच्या दिवशी कंपनीच्या सेवेत आणि नोटीस पिरियडमध्ये नसलेल्या कर्मचाऱ्यालाच देय" असं लिहिलंय, आणि टक्केवारी मॅनेजमेंट ठरवेल.

आणि पुण्यात पीजीचे ८ हजार तरी जातील, नाशिकला मी सिन्नरहून बसने ये-जा करू शकते. पण बाबांना शुगर आहे आणि पुण्याच्या इन्शुरन्समध्ये आईवडील येतात असं मॅडम म्हणाल्या.

पगारपत्रक
इन्शुरन्सचं हलकं घेऊ नकोस. तुझा ग्रॉस २१,००० च्या वर असल्यामुळे ईएसआयसी ही सरकारी आरोग्य विमा योजना दोन्हीकडे लागू नाही, म्हणजे नाशिकला तुला आणि घरच्यांना नोकरीकडून दवाखान्याचं काहीच संरक्षण नाही. शुगर असलेल्या माणसाची पॉलिसी बाहेरून घ्यायची तर हप्ता जास्त असतो आणि आधीच्या आजाराला काही वर्षं थांबावं लागतं. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात, पण बहुतेक म्हणतोय, सगळीकडे नाही. मॅडमकडून तीन गोष्टी लेखी घे, आईवडील खरंच आहेत का, रक्कम किती, आधीचा आजार पहिल्या दिवसापासून आहे का. आणि आईवडिलांचा हप्ता वेगळा कापणार असतील तर तो २६,७६७ मधून आणखी जाईल.

रानवारा
ते स्पेशल अलाउन्सचं सुप्रीम कोर्टाचं काहीतरी होतं ना? पीएफ त्याच्यावर पण कापायला पाहिजे म्हणून?

पगारपत्रक
हो, २८ फेब्रुवारी २०१९ चा निकाल. सगळ्यांना सरसकट दर महिन्याला मिळणारा भत्ता असेल तर तो बेसिकसारखाच धरून त्यावर पीएफ लागतो, पीएफ वाचवायला बेसिक लहान आणि स्पेशल मोठा करायचा हे चालत नाही. त्या हिशोबाने पुण्यात १४,००० आणि ९,०४७ मिळून २३,०४७ होतात आणि पीएफ मर्यादेवर म्हणजे १,८०० यायला हवा. १,६८० च्या ऐवजी १,८००, दोन्ही बाजूंनी १२० चा फरक. कंपनीला मी चोर म्हणणार नाही, असं अजून कितीतरी जण करतात.

यातून एक वेगळी गोष्ट निघते जी मला जास्त महत्त्वाची वाटते. पुण्यात १४,००० वर पीएफ कापला तर कंपनीच्या १,६८० पैकी १,१६६ पेन्शन स्कीममध्ये जातात आणि तुझ्या पीएफमध्ये फक्त ५१४. पेन्शनच्या भागावर व्याज जमा होत नाही, आणि पेन्शन मिळायला एकूण १० वर्षं नोकरी लागते. नाशिकला पहिल्यांदाच सभासद होताना पगार १५,००० च्या वर असल्याने पेन्शन स्कीमच लागू नाही, कंपनीचे १,८०० च्या १,८०० तुझ्या पीएफ खात्यात. पासबुक उघडशील तेव्हा पुण्याला तीन रकाने दिसतील, नाशिकला पेन्शनचा रकाना शून्य, आणि शून्य नसेल तर एचआरला सांगून लगेच दुरुस्त करून घे, कारण नंतर पैसे काढताना हीच चूक अडते.

अनुया
पेन्शन नसणं चांगलं कसं? आयुष्यभर मिळते ती. मी तर हे तोट्यात धरेन.

पगारपत्रक
याच्यावर आमच्या ऑफिसात पण दोन तट आहेत. मी स्वतः व्याज मिळणारे पैसे घेईन, कारण १५,००० च्या मर्यादेवरची पेन्शन ३५ वर्षांनी सुद्धा महिना साडेसात हजाराच्या आसपास येते. पण नवरा-बायकोला आणि मुलांना पेन्शन मिळते हा भाग त्यात आहे, त्याची किंमत ज्याची त्याने करावी.

सह्याद्रीचा_पोर
आणि ते नवीन लेबर कोड? बेसिक ५० टक्के करावाच लागणार म्हणतात, मग हिचं इन हँड अजून कमी होणार का?

पगारपत्रक
कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. त्यात बेसिक अमुकच ठेवा असं नाही, ठराविक भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरा असं आहे. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असाल तर त्याने इन हँड कमी होत नाही, असं केंद्राच्या कामगार मंत्रालयाने सांगितलंय. ग्रॅच्युइटीचा आधार मात्र मोठा होतो, आणि ती सीटीसीत धरणारी कंपनी तेवढा स्पेशल अलाउन्स कमी करू शकते. पुण्याच्या लेटरमध्ये बेसिक ४० टक्के आहे, त्यामुळे चाफेकळी, तू विचार की जॉईन झाल्यावर स्ट्रक्चर बदलणार आहे का. आमच्याकडे तीन कंपन्यांनी तीन पद्धतीने केलंय, मी एकच उत्तर देऊ शकत नाही.

चाफेकळी
मॅडमना मेल केला आणि आत्ता उत्तर आलं. इन्शुरन्समध्ये आईवडील आहेत पण त्यांचा हप्ता माझ्या पगारातून, महिना १,४००, रक्कम ३ लाख, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून. स्ट्रक्चर एप्रिलमध्ये "रिव्ह्यू होऊ शकतं". म्हणजे पुण्याचे हातात २५,३६७ आणि त्यातून पीजी. नाशिकच्या साहेबांना मी फोन करून विचारलं की ग्रुप पॉलिसी काढाल का, तर म्हणाले बारा जणांचा स्टाफ आहे, बघतो.

पगारपत्रक
१,४०० मध्ये दोघं, शुगरसकट पहिल्या दिवसापासून, हे स्वस्त आहे. बाहेर चौकशी करून आकडा टाक इथे, मग खरी तुलना होईल. बारा जणांची ग्रुप पॉलिसी मिळते, छोट्या कंपन्यांना पण विमा कंपन्या देतात, साहेबांना तसं सांग. आणि जिकडे जाशील तिकडे पीएफ सुरू केल्यास यूएएन म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर मिळाला की लगेच उमंग ॲपवर चालू कर, महिन्याचे पैसे कंपनीने पुढच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, २० ला पासबुक बघ, नुसत्या पे स्लिपवर विसंबू नकोस. कापून न भरणारे असतात.

चाफेकळी
हो दादा. उद्या बाबांना घेऊन सिन्नरला विमा एजंटकडे जातेय, आकडा कळला की इथेच टाकते.